कार्ड बंद करताय? आधी पॉइंट्स, मग पैसे

मैत्रिणींनो, क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं म्हणजे ते बंद होत नाही. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी बिलाचे 4,200 रुपये भरले आणि मग साठलेल्या पॉइंट्सवर कुकर मागवला. त्याचं शुल्क 99 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, असे जवळजवळ 117 रुपये पुन्हा कार्डावर चढले. तेवढ्यावरून त्यांचा अर्ज अडला.

म्हणून पॉइंट्स आधी वापरा. कार्ड बंद झालं की ते सहसा बुडतात. कार्डावरून आपोआप जाणारी मोबाइलची, विम्याची देणी थांबवा. मग कस्टमर केअरला विचारा, "बिलात न आलेली रक्कम धरून आज एकूण किती देणं आहे?" मागची बाकी असेल, तर बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. तेही भरा, मगच अर्ज करा आणि अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, बाकी नसेल तर कामकाजाच्या 7 दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे असतात.

ताईंना 'कार्ड बंद' असा एसएमएस आला, तरी मी त्यांना 'काही देणं बाकी नाही' असं पत्र ईमेलवर मागवायला लावलं. महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात कार्डापुढे 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य दिसली, तेव्हाच आम्ही ती फाइल मिटली.