पुन्हा प्रयत्न, पण वेगवेगळ्या वेळी

मोबाइलवरचे एखादे अ‍ॅप सर्व्हरकडे माहिती मागते आणि उत्तर येत नाही. अशा वेळी काय करायचे, हे प्रोग्रामरने आधीच लिहून ठेवलेले असते: दोन सेकंद थांबा आणि पुन्हा मागा. यालाच ‘रिट्राय’ म्हणतात. एका फोनपुरती ही सोय उत्तम आहे, कारण नेटवर्कमध्ये हुकलेले उत्तर बहुतेकदा दुसऱ्या खेपेला मिळून जाते. पण सर्व्हरच क्षणभर अडखळला, तर शेकडो फोन एकदम अपयशी होतात. प्रत्येकाच्या प्रोग्राममध्ये तेच दोन सेकंद लिहिलेले असल्याने ते सगळे पुन्हा एकदमच येऊन धडकतात.

आकडे घेऊन पाहू. समजा, एक सर्व्हर सेकंदाला १०० विनंत्या पूर्ण करू शकतो आणि ६०० फोन एकाच क्षणी त्याच्याकडे आले. १०० जणांचे काम होते, ५०० परत जातात. दोन सेकंदांनी ते ५०० एकत्र येतात. पुन्हा १०० सुटतात, ४०० उरतात. अशा सहा फेऱ्या होतात. ६००, ५००, ४००, ३००, २०० आणि १०० यांची बेरीज येते २,१००. म्हणजे ६०० कामांसाठी सर्व्हरला २,१०० विनंत्या झेलाव्या लागल्या आणि त्यातल्या १,५०० वाया गेल्या.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे दर अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करणे: २ सेकंद, मग ४, ८, १६, ३२. याला ‘एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ’ म्हणतात. सर्व्हरला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो, हे खरे. पण वरच्या उदाहरणात तो लावून पाहिला, तर सगळ्यांचा काळ एकाच हिशेबाने दुप्पट होतो. सुरुवातीपासून ०, २, ६, १४, ३० आणि ६२ व्या सेकंदाला सगळे पुन्हा एकत्रच येतात. विनंत्या तेवढ्याच, २,१००. शेवटच्या फोनला मात्र मिनिटाहून अधिक ताटकळावे लागते आणि मधल्या बराच काळ सर्व्हर रिकामा बसून असतो. लाटांमधले अंतर वाढले, लाटा मात्र मोडल्या नाहीत.

त्या मोडतात ‘जिटर’ने. थांबण्याच्या काळात मुद्दाम आणलेली अनिश्चितता म्हणजे जिटर. २, ४, ८ हे आकडे आता थांबण्याचा ठरलेला काळ राहत नाहीत, ती फक्त वरची मर्यादा ठरते. शून्यापासून त्या मर्यादेपर्यंतचा कोणताही क्षण प्रत्येक फोन स्वतःपुरता निवडतो:

```python
limit = min(60, 2 * 2 ** attempt)
time.sleep(random.uniform(0, limit))
```

पहिल्या अपयशानंतर उरलेले ५०० फोन आता दोन सेकंदांवर पसरतात. दर सेकंदाला साधारण २५० येतात, म्हणजे गर्दी अजून आहेच, पण या दोन सेकंदांत सर्व्हर सतत कामात असतो आणि सुमारे २०० जण सुटतात. उरलेल्यांची मर्यादा चार सेकंद होते. ते आणखी विरळ पसरतात आणि येण्याचा वेग सर्व्हरच्या आवाक्यात येतो. फेऱ्या एकमेकींत थोड्या मिसळत असल्याने हिशेब ढोबळच आहे, तरी एकूण विनंत्या दीड हजाराच्या आसपास राहतात आणि बहुतेक काम दहाएक सेकंदांत आटोपते.

अ‍ॅमेझॉनचे अभियंते मार्क ब्रूकर यांनी २०१५ मध्ये संगणकावर नेमकी ही तुलना करून दाखवली. एकाच नोंदीवर लिहिण्यासाठी झगडणारे १०० क्लायंट त्यांनी घेतले. जिटरविना बॅकऑफच्या तुलनेत जिटर लावल्यावर एकूण विनंत्या निम्म्याहून कमी झाल्या आणि काम पूर्ण व्हायला लागणारा वेळही बराच घटला. अर्धा काळ ठरलेला आणि अर्धा अनिश्चित, असा मधला मार्गही त्यांनी तपासला. तो शून्यापासून निवडण्याच्या पद्धतीपेक्षा मागे पडला.

कल्पना मात्र जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरची टर्मिनल रेडिओने जोडली, तेव्हा सगळ्यांना एकच वाहिनी वापरायची होती. दोघे एकदम बोलले की दोघांचेही संदेश बिघडत, म्हणून प्रत्येकाने वेगवेगळा, यदृच्छेने निवडलेला काळ थांबून पुन्हा पाठवायचे. हीच युक्ती पुढे इथरनेटच्या तारेत आली. तिथे एक टक्कर झाली की यंत्र ० किंवा १ यातला एक आकडा निवडते आणि तितके कालखंड थांबते. दुसऱ्या टकरीनंतर ० ते ३, तिसऱ्यानंतर ० ते ७. दोनच यंत्रे असतील, तर पुन्हा टक्कर होण्याची शक्यता आधी १/२, मग १/४, मग १/८ होते. ही कक्षा ० ते १०२३ पर्यंत वाढते आणि सोळा प्रयत्नांनंतर यंत्र नाद सोडते.

जिटर किती असावा, यालाही महत्त्व आहे. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये दाखवले की, ठरावीक अंतराने संदेश पाठवणारे राउटर सुरुवातीला वेगवेगळ्या वेळी चालत असले, तरी हळूहळू एका ठेक्यात येतात. चिमूटभर अनिश्चिततेने तो ठेका तुटत नाही. दोन सेकंदांच्या थांब्यात दहा मिलिसेकंदांचा फरक करून म्हणूनच फारसे हाती लागत नाही.

दुसरा फसवा मुद्दा यदृच्छेच्या आकड्यांचा. संगणक ते एका सुरुवातीच्या बीजावरून तयार करतो. एकाच कारखान्यातली हजारो उपकरणे चालू होताना तेच बीज वापरत असतील, तर वीज परतल्यावर सगळी तोच ‘अनिश्चित’ आकडा काढतात. तसेच सर्व्हरने सगळ्यांना `Retry-After: 30` असे सांगितले आणि क्लायंटने ते जसेच्या तसे पाळले, तर तिसाव्या सेकंदाला नवी लाट ठरलेलीच. त्या तीसमध्येही जिटर मिळवावा लागतो.

जिटरमुळे गर्दी पसरते, सर्व्हरची क्षमता वाढत नाही. २० सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या सेवेत एका छोट्या नेटवर्क बिघाडानंतर अनेक स्टोरेज सर्व्हरनी आपापली माहिती पुन्हा मागितली. ती माहिती आता इतकी मोठी झाली होती की उत्तरे ठरलेल्या वेळेत पोहोचेनात. मग पुन्हा मागणी, पुन्हा उशीर. भार इतका होता की नवी क्षमता जोडणेही जमेना. शेवटी अभियंत्यांना या विनंत्याच काही काळ थांबवाव्या लागल्या. मागणी सतत क्षमतेपेक्षा जास्त असेल, तर प्रयत्नांची संख्याच मर्यादित ठेवावी लागते आणि काही वेळा सरळ नकार द्यावा लागतो.

आपल्या यंत्रणेत हा दोष आहे का, हे सर्व्हरच्या आलेखावर दिसते, पण त्यासाठी सेकंदागणिक आकडे पाहावे लागतात. मिनिटाची सरासरी काढली की सुळके सपाट होऊन जातात. बिघाडानंतर २, ६, १४, ३० अशा ठरावीक सेकंदांना उंच सुळके आणि मध्ये जवळजवळ शून्य दिसत असेल, तर बॅकऑफ आहे आणि जिटर नाही, असे निदान करता येते. जिटर नीट लागल्यावर त्याच जागी हळूहळू उतरत जाणारी एक सलग रेषा दिसते.