माणूस नवा, दर जुनाच ना?

भोसरी एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यातला विक्री प्रतिनिधी नोकरी सोडून जातो, तेव्हा त्याच्यामागे वीस-पंचवीस ग्राहक उरतात. त्यांच्या ऑर्डरी चालू असतात, टेम्पो जात असतात, बिलं निघत असतात. त्याच्या जागी आलेल्याच्या हातात मालक ग्राहकांची यादी आणि दरांचा कागद ठेवतो आणि सांगतो, "सगळ्यांना एकदा भेटून या. काही बदलणार नाही म्हणून सांगा."

अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. काय काय चालू होतं हे माहीत नसताना काही बदलणार नाही असं सांगणं धोक्याचं असतं. दरांच्या कागदावर व्यवहाराचा निम्माच भाग असतो. उरलेला निम्मा आधीच्या माणसाच्या शब्दावर चाललेला असतो आणि तो शब्द कुठेच लिहिलेला नसतो.

चाकणमधला पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना समजा. तो दर महिन्याला पाच प्लायचे, ४०० बाय ३०० बाय २५० मिलिमीटरचे ३,००० बॉक्स घेतो. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, दर आहे ३८ रुपये, मुदत मार्चअखेरपर्यंत. नव्या प्रतिनिधीला फाइलमध्ये एवढंच दिसतं. जाण्याआधी त्याने अकाउंट्सकडून या ग्राहकाची वर्षभराची बिलं आणि डेबिट नोटा मागून घेतल्या आणि डिस्पॅचच्या माणसाजवळ व टेम्पोवाल्याजवळ थोडा वेळ बसला, तर मात्र वेगळंच चित्र पुढे येतं. या ग्राहकासाठी गोदामात नेहमी ५०० बॉक्स तयार ठेवलेले असतात, कारण तिथून अचानक फोन येतो. दोनशे बॉक्स मागवले तरी टेम्पोचं भाडं लावलं जात नाही. आणि बिलाचे पैसे पीओवर ४५ दिवस लिहिलेले असूनही साठाव्या दिवशी येतात, त्यावर कुणी काही बोलत नाही.

या तिन्ही गोष्टी ग्राहकाच्या दृष्टीने दराचाच भाग आहेत. ३८ रुपये कायम राहिले आणि तयार साठा बंद झाला, तर त्याच्या लेखी बॉक्स महागलाच. म्हणून पहिल्या भेटीत खरेदी विभागातल्या साहेबांशी बोलून परत फिरणं पुरेसं नाही. बॉक्स कधी कमी पडतात, कुठल्या लॉटचा जोड सुटला, हे स्टोअरच्या माणसाला ठाऊक असतं. बिल कुठे अडकतं हे अकाउंट्सला. माझ्या मते स्टोअरमधली पंधरा मिनिटं खरेदीच्या केबिनमधल्या तासापेक्षा जास्त शिकवतात.

केबिनमध्ये बोलणं बहुतेक वेळा असं होतं.

"तुमच्या आधीचे साहेब आम्हाला संध्याकाळी फोन केला तरी सकाळी माल द्यायचे. तुमचं काय?"

"सर, पीओवरचा ३८चा दर मार्चअखेरपर्यंत तोच राहील, ते आज सांगतो. तयार साठ्याचं मला डिस्पॅचकडून कळलंय, पण तो किती ठेवायचा ते मालकांशी बोलून शुक्रवारपर्यंत तुम्हाला लेखी कळवतो. आणखी काय काय ठरलं होतं तेवढं सांगाल?"

यात तीन गोष्टी घडतात. जे लिखित आहे त्याची हमी तिथल्या तिथे मिळते. जे तोंडी आहे ते नाकारलं जात नाही, पण अधिकार नसताना मान्यही केलं जात नाही. आणि उत्तराला एक वार ठरतो. त्या शुक्रवारी मेल गेला नाही, तर पुढची कुठलीही हमी कुणी ऐकून घेणार नाही.

दराबद्दलची हमी मुदतीपुरतीच द्यावी, याला कारण आहे. बॉक्सच्या किमतीचा मोठा भाग क्राफ्ट पेपरचा असतो आणि आपल्याकडचा क्राफ्ट पेपर मुख्यतः रद्दी पुठ्ठ्यापासून बनतो. रद्दी महागली की कागद महागतो. २०२०च्या अखेरीपासून २०२१मध्ये हा भाव इतका चढला की बॉक्सवाल्यांना जुने दर पाळणं अवघड झालं. वरचा बॉक्स साधारण ६५० ग्रॅम वजनाचा भरेल. कागद किलोमागे ३ रुपयांनी वाढला, तर एका बॉक्सला सुमारे २ रुपये जास्त लागतात. ३,००० बॉक्सना महिन्याला ६,०००. एवढा भार छोटा कारखाना फार दिवस सोसू शकत नाही. तेव्हा "दर कधीच वाढणार नाही" असं सांगणारा प्रतिनिधी सहा महिन्यांत खोटा ठरतो. मार्चपर्यंत हाच दर, त्यानंतर बदल झालाच तर तीस दिवस आधी कागदाच्या भावासह लेखी कळवू, हे सांगणारा टिकतो.

साठ दिवसांच्या उधारीचा प्रश्न मात्र मालकाच्या इच्छेवरही सोडता येत नाही. बॉक्स बनवणारा कारखाना सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी त्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात; करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराची जोड मिळाली आहे. मुदत उलटून गेलेली रक्कम वर्षअखेरीला देणं राहिली, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून "पूर्वीसारखेच साठ दिवस" हे आश्वासन प्रतिनिधीने देऊच नये. हे पहिल्याच भेटीत, खरेदीसमोर न बोलता अकाउंट्समध्ये बसून शांतपणे सांगितलं, तर ते बहुधा कुणाला टोचत नाही. त्यांना हा नियम माहीत असतो.

शुक्रवारी जाणारा मेल लांबलचक नको. आमच्या चाकणच्या ग्राहकाला तो असा जाईल: "पीओचा दर ३८ रुपये, ३१ मार्चपर्यंत कायम. तयार साठा ५०० बॉक्स, दुपारी चारपर्यंत कळवल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोच. ३०० बॉक्सपर्यंतच्या तातडीच्या मालाला महिन्यातून दोनदा भाडं नाही, त्यापुढे प्रत्यक्ष भाडं. पैसे पीओप्रमाणे ४५ दिवसांत. तक्रारीसाठी माझा नंबर. मी नसेन तर डिस्पॅचचा." भाड्याची सवलत इथे थोडी आवळली आहे, ते ग्राहकाला दिसेल आणि तो बोलेल. बोलू द्यावं. न सांगता बिलात भाडं लावलं, तर पीओशी रक्कम जुळत नाही म्हणून त्याचा संगणक ते बिल थांबवून ठेवतो आणि दोन महिन्यांनी पैसे का आले नाहीत याचा शोध सुरू होतो.

आधीचा प्रतिनिधी शेजारच्याच बॉक्सवाल्याकडे गेला असेल, तर वेळ कमी असतो. त्याला प्रत्येकाचा दर आणि प्रत्येकाची नाराजी पाठ असते. अशा वेळी सर्वांत मोठ्या ग्राहकापासून सुरुवात करण्याची पद्धत मला चुकीची वाटते. ज्यांची पीओ महिन्या-दोन महिन्यांत संपते आहे आणि ज्यांची तक्रार लोंबकळते आहे, त्यांच्याकडे आधी जावं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. ग्राहकाने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

तुम्ही स्वतः खरेदी करणारे असाल आणि उद्या तुमच्याकडे असा नवा माणूस आला, तर आधीच्याने तोंडी दिलेल्या सवलती एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि त्यावर लेखी उत्तर मागा.