‘हा लेख तुम्हीच लिहिला का?’

नागपूरजवळच्या बेसा येथे घरूनच काम करणारी एक मुक्त लेखिका एका कंपनीला मधुमेहावर इंग्रजी लेख पाठवते, अशी कल्पना करा. दुसऱ्या दिवशी उत्तर येते : ‘तपासणीच्या साधनानुसार लेख एआयने लिहिलेला दिसतो.’ तिने उत्तरात काय लिहावे?

ही साधने लेखक कोण, हे ओळखत नाहीत. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे त्यांपैकी अनेक साधने मोजतात. ‘जेवणापूर्वी हात स्वच्छ’ यानंतर ‘धुवावेत’ येणार, हे कोणीही सांगेल. असे अपेक्षित शब्द जास्त असले की साधन मजकूर यंत्राचा ठरवण्याची शक्यता वाढते. आरोग्यविषयक लेखन तर मुद्दाम सोपे, ठरावीक शब्दांत केलेले असते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध सात साधनांवर तपासले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. तेच निबंध चॅटजीपीटीकडून अधिक सफाईदार करून घेतल्यावर मात्र हे प्रमाण बरेच घटले!

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले साधन कमी अचूकतेमुळे जुलैमध्ये मागे घेतले. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राचे २६ टक्के लेखन ओळखत होते आणि माणसाचे ९ टक्के लेखन यंत्राचे ठरवत होते. आता हिशेब करू. समजा, हजार लेखांपैकी ९०० माणसांचे आणि १०० यंत्राचे आहेत. साधन यंत्राचे २६ पकडेल, पण माणसांच्याही ८१ लेखांवर शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या १०७ लेखांपैकी ८१ निर्दोष! आजची साधने वेगळी असली, तरी शिक्क्याचा अर्थ लावताना हा हिशेब करावाच लागतो.

म्हणून दुसऱ्या साधनातून ‘शंभर टक्के मानवी’ असा दाखला मिळवून पाठवण्यात अर्थ नाही. तोही तितकाच कच्चा. तिने लिहावे ते असे :

‘महोदय, लेख मी स्वतः लिहिला आहे. गुगल डॉक्समधील मूळ फाइल संपादनाच्या परवानगीसह खुली करून देत आहे. File → Version history येथे मसुदा कसा वाढला, काय खोडले ते वेळेसह दिसेल. टिपणे आणि वापरलेले संदर्भ सोबत आहेत. शुद्धलेखन तपासणीसाठी मी सॉफ्टवेअर वापरले आहे. कोणत्याही परिच्छेदावर फोनवर प्रश्न विचारावेत.’

यातला फाइलचा इतिहासही अंतिम पुरावा नाही, कारण यंत्राचा मजकूर पाहून कोणी टंकूही शकतो. पण तसे केल्यास मजकूर बहुधा सरळ रेषेत वाढत जातो. खऱ्या मसुद्यात परिच्छेद वर-खाली होतात, आकडे बदलतात, आधीचे वाक्य पुन्हा लिहिले जाते. शिवाय ‘हा आकडा का वगळला?’ या प्रश्नाला विषय अभ्यासलेली व्यक्ती लगेच उत्तर देते. ग्राहकाने टक्केवारीऐवजी हेच तपासावे.