तीनशे त्रेचाळीस कुठून आले?

सर्वेक्षणावर आधारलेल्या एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात एक ओळ हमखास सापडते. 'एकूण सदस्य २,४००. स्लोविनच्या सूत्रानुसार नमुना आकार ३४३.' ओळ तिथेच संपते. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, "३४३ च का? ३०० का नाहीत, ५०० का नाहीत?" विद्यार्थी सूत्र म्हणून दाखवतो. पण परीक्षकांना सूत्र पाठ असते. ते सूत्र वापरताना कोणते निर्णय घेतले, हे त्यांना ऐकायचे असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात महिलांचे १६० बचत गट आहेत. प्रत्येक गटात १५ जणी, म्हणजे एकूण २,४०० सदस्य. गेल्या वर्षभरात किती टक्के सदस्यांनी गटाकडून कर्ज घेतले, हे विद्यार्थिनीला शोधायचे आहे. सगळ्यांना भेटणे एका वर्षात जमणार नाही. मग किती जणींना भेटावे?

या प्रश्नासाठी सांख्यिकीत रुळलेले सूत्र विल्यम कॉक्रन यांच्या नावाने ओळखले जाते. कॉक्रन मूळचे स्कॉटलंडचे. नमुना पद्धतींवरचे त्यांचे पुस्तक १९५३ साली आले आणि आजही ते या विषयातले पायाभूत पुस्तक मानतात. सूत्र असे आहे:

```
n0 = z² · p · (1 − p) / e²
n  = n0 / (1 + (n0 − 1) / N)
```

यात तीन गोष्टी संशोधकाने ठरवायच्या असतात. पहिली e, म्हणजे उत्तर किती टक्क्यांनी इकडेतिकडे झाले तर चालेल. दुसरी z, म्हणजे त्या मर्यादेची किती खात्री हवी. ९५ टक्के खात्रीसाठी z १.९६ असतो. तिसरी p, म्हणजे जी गोष्ट मोजायची ती साधारण किती जणींच्या बाबतीत खरी असेल याचा आधीचा अंदाज. काहीच अंदाज नसेल तर p निम्मा, म्हणजे ०.५ धरतात. तेव्हा p आणि (१ − p) यांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो आणि नमुना कमी पडण्याची भीती राहत नाही.

आता आकडे घालू. e पाच टक्के, z १.९६, p निम्मा. पहिल्या ओळीतून ३८४.१६ येतात. आपला तालुका मर्यादित आहे, म्हणून दुसरी ओळ लावायची. तिथे २,४०० घातले की ३३१ च्या किंचित वर आकडा येतो, म्हणजे ३३२ सदस्य.

स्लोविनचे सूत्र याहून आटोपशीर आहे:

```
n = N / (1 + N · e²)
```

२,४०० ला ७ ने भागायचे, उत्तर ३४३. कॉक्रनपेक्षा अकरा जास्त. हे अकरा कुठून आले, ते पाहिले की दोन्ही सूत्रांचे नाते उलगडते. कॉक्रनच्या सूत्रात p निम्मा धरा आणि z १.९६ ऐवजी पूर्ण २ धरा. दोनाचा वर्ग चार, त्याला पाव ने गुणले की एक. वरची सगळी आकडेमोड एकात विरघळते आणि पहिली ओळ फक्त १ भागिले e² एवढीच उरते. तीच दुसऱ्या ओळीत बसवली, तिथला वजा एक सोडून दिला, की स्लोविनचे सूत्र जसेच्या तसे हातात येते. म्हणजे स्लोविन हे वेगळे सूत्र नाही. तीनपैकी दोन निर्णय आधीच घेऊन ठेवलेले ते कॉक्रनचे सूत्र आहे. तारो यामाने यांच्या १९६७ च्या पुस्तकात ते याच रूपात आहे, म्हणून काही जण त्याला यामानेचे सूत्र म्हणतात. स्लोविन नेमके कोण, याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

येथेच एक चूक फार वेळा होते. प्रबंधात लिहिलेले असते, 'विश्वासपातळी ९५ टक्के, म्हणून e = ०.०५.' शंभरातून पंचाण्णव वजा केले की पाच उरतात, एवढ्यावरून हा 'म्हणून' आलेला असतो. पण विश्वासपातळी z मध्ये असते आणि e हा वेगळा निर्णय आहे. ९५ टक्के खात्री ठेवूनही e तीन टक्के घेता येतो किंवा आठ टक्के घेता येतो. स्लोविनच्या सूत्रात खात्रीचा आकडा दिसतच नाही, त्यामुळे हा गोंधळ तिथे अधिक होतो. दोन्हीकडे पाच हा आकडा आला, तो निव्वळ योगायोग.

आणखी एक समज सुधारायला हवा. एकूण लोकसंख्या मोठी, म्हणून नमुनाही त्या प्रमाणात मोठा हवा, असे अनेकांना वाटते. दहा टक्के घ्या, असा सल्लाही ऐकू येतो. सदस्य २,४०० ऐवजी २४ लाख धरले, तर स्लोविन ४०० सांगतो आणि कॉक्रन ३८५. लोकसंख्या हजारपट झाली, नमुना मात्र साठ जणांनीही वाढला नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, ती पातेले लहान असो की लग्नाचे, तेवढ्याच शितांवर होते. अट एकच, भात नीट ढवळलेला हवा.

आता मर्यादांकडे वळू. पहिली मर्यादा p ची. समजा, विद्यार्थिनीला कर्जाबरोबरच हेही पाहायचे आहे की किती सदस्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. आधीच्या पाहणीवरून हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असावे असा अंदाज आहे. पाच टक्के e ठेवला तर उत्तर 'पाच ते पंधरा टक्के' असे येईल. पाच टक्के आणि पंधरा टक्के यांत तिप्पट फरक आहे. एवढ्या सैल उत्तरावर कोणताही निष्कर्ष उभा राहत नाही. e दोन टक्के घेतला आणि p दहा टक्के, तर कॉक्रन ६३६ सदस्य सांगतो. स्लोविनमध्ये e दोन टक्के घातला तर तो १,२२५ मागतो, कारण p तिथे कायमचा निम्मा आहे. म्हणजे पाच टक्क्यांवर स्लोविन या प्रश्नाला पुरत नाही आणि दोन टक्क्यांवर जवळजवळ दुप्पट फिरायला लावतो. ज्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाची काही माहिती आहे, त्याने ती सूत्रात घालायला हवी. स्लोविनमध्ये ती घालायला जागाच नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे, आणि ती दोन्ही सूत्रांना लागू पडते. ३३२ हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा २,४०० नावांच्या यादीतून प्रत्येकीला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन चिठ्ठ्या काढलेल्या असतात. प्रत्यक्षात असे कोणी करत नाही. विद्यार्थिनी २२ गट निवडते, त्यांच्या मासिक बैठकीला जाते आणि हजर असलेल्या पंधराही जणींकडून प्रश्नावली भरून घेते. बावीस गुणिले पंधरा, ३३० झाले. पण एका गटातल्या बायका एकाच वस्तीतल्या असतात, कर्ज कोणाला द्यायचे ते एकत्र बसून ठरवतात, त्यांच्या अडचणीही सारख्या असतात. पाचवी बाई जे सांगते त्यातले बरेचसे पहिल्या चौघींनी सांगितलेलेच असते. हे सारखेपण मोजायचे एक साधन आहे. गटातून जितक्या जणी घेतल्या त्यातून एक वजा करायचा, उरलेल्याला सारखेपणाच्या मापाने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. माप ०.१० धरले तर १४ गुणिले ०.१०, अधिक एक, म्हणजे २.४. तिच्या ३३० मुलाखतींची किंमत सुमारे १३८ स्वतंत्र मुलाखतींइतकी, आणि पाच टक्क्यांची मर्यादा प्रत्यक्षात आठ टक्क्यांच्या जवळ गेलेली. प्रबंधात मात्र पाच टक्केच छापले जातात.

उपाय अवघड नाही. गट अधिक घ्यावेत आणि प्रत्येक गटातून बायका कमी. एका गटातून पाचच जणी चिठ्ठ्या टाकून निवडल्या तर तोच गुणक १.४ होतो, आणि साडेचारशेच्या आसपास मुलाखतींत पाच टक्क्यांची मर्यादा खरोखर गाठता येते.

तिसरी मर्यादा कोणत्याही सूत्राच्या बाहेरची आहे, आणि तिचा चांगला धडा एका मराठी माणसाने दिला आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जागतिक कीर्तीचे सांख्यिकीतज्ज्ञ. १९४० च्या दशकात पिकाचे उत्पन्न मोजण्यासाठी शेतात छोटे तुकडे आखून तेवढेच कापायचे आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढायचे, अशी पाहणी चालत असे. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न लहान तुकड्यात वारंवार येतो आणि हात आत धरण्याकडे झुकतो. असे तुकडे शंभर कापा की हजार, आकडा फुगलेलाच राहतो. संख्या वाढवली की अंदाजाची डळमळ कमी होते, पण कल तसाच राहतो.

बचत गटाच्या पाहणीतला कल कसा असतो? बैठकीला न येणाऱ्या बायका बहुधा हप्ता थकलेल्या असतात. दुपारी घरी न सापडणाऱ्या रानात मजुरीला गेलेल्या असतात. त्यांच्या जागी शेजारणीची प्रश्नावली भरून ३३२ पूर्ण केले, तर आकडा जमतो आणि उत्तर एका बाजूला सरकते. व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म पाठवून ३४३ उत्तरे जमवली, तर तीही या सूत्राखाली येत नाहीत, कारण तिथे नमुना संशोधकाने निवडलेला नसतो, ज्याला वाटले त्याने उत्तर दिलेले असते. असा अभ्यास करता येतो, पण मग त्यात त्रुटीमर्यादा लिहू नये.

शिवाय दोन्ही सूत्रे टक्केवारीसाठी आहेत. सरासरी बचत किती, हे काढायचे तर रकमांचा विखुरलेपणा माहीत हवा. दोन गटांत फरक आहे का, हे तपासायचे तर किती मोठा फरक पकडायचा ते आधी ठरवून निराळे गणित करावे लागते. आणि ३३२ पैकी ६० जणी भूमिहीन असतील, तर त्या साठजणींपुरते काढलेले उत्तर बारा-तेरा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते.

हे सारे लक्षात घेऊन आपल्या विद्यार्थिनीला तिसऱ्या प्रकरणात एका ओळीऐवजी एक परिच्छेद लिहिता येईल: 'कर्ज घेणाऱ्यांचे प्रमाण माहीत नसल्याने p ०.५ धरला. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के त्रुटीमर्यादेसाठी कॉक्रनच्या सूत्राने ३३२ सदस्य येतात. निवड गटांमधून केल्याने, गटातील सारखेपणासाठी हा आकडा ४५० पर्यंत वाढवला. दहापैकी एक सदस्य भेटणार नाही असे गृहीत धरून १६० पैकी १०० गट आणि प्रत्येक गटातून ५ सदस्य चिठ्ठ्या काढून निवडले. न भेटलेल्यांकडे तीनदा जाऊन पाहिले. त्यांच्या जागी दुसरे कोणी घेतले नाही. किती जणी भेटल्या नाहीत आणि का, ते चौथ्या प्रकरणात दिले आहे.'

परीक्षकांनी 'एवढ्याच का?' असे विचारले तर या परिच्छेदातल्या प्रत्येक आकड्यामागे तिचे स्वतःचे कारण आहे. आणि जिथे तिने अंदाज धरला आहे, तिथे तो अंदाज आहे असे तिनेच लिहून ठेवले आहे.