दगडाचं वजन का चालत नसे?

भाजी घेताना आपली नजर तराजूच्या काट्यावर असते ना? मध्ययुगीन सीरियाच्या बाजारात ही नजर ठेवायला एक सरकारी अधिकारीच असे. त्याला मुहतसिब म्हणत आणि त्याच्या कामाला हिस्बा. बाराव्या शतकात शैजरी नावाच्या लेखकाने या अधिकाऱ्यासाठी एक पुस्तक लिहिलं. त्यातला वजनांचा भाग मला फार आवडतो.

शैजरी सांगतो, वजनं लोखंडाची हवीत, दगडाची नकोत. का? दगड एकमेकांवर आपटले की टवके उडतात, वजन घटतं आणि गिऱ्हाइकाच्या पदरात माल कमी पडतो. लोखंड मिळालंच नाही, तर दगड कातड्यात मढवायचा. मग मुहतसिब तो तपासून त्यावर शिक्का मारणार.

पण शिक्क्याने काम संपत नाही. तपासणी झाल्यावर दुकानदार हळूच हलकं लाकडी वजन काढू शकतो. म्हणून काही दिवसांनी, न सांगता, पुन्हा तपासणी.

आणि भाव? तो ठरवायचा अधिकार शैजरी मुहतसिबाला देत नाही. मालाचा भाव मालकाने सांगावा. मात्र स्वस्ताईत धान्य भरून कुणी महागाईची वाट पाहत बसला असेल, तर त्याला ते विकायला भाग पाडता येतं. म्हणजे गिऱ्हाइकाला महाग घ्यावं लागेल, पण शेर मोजून दिला असेल तर तो शेरच भरला पाहिजे.