मर्ज सॉर्टच्या झाडाच्या पातळ्या

मर्ज सॉर्ट ही यादी क्रमाने लावण्याची पद्धत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली. यादीचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग याच रीतीने क्रमाने लावायचा आणि मग दोन्ही एकत्र जोडायचे, एवढीच तिची रीत. कागदावर ती उलट्या झाडासारखी काढतात: मूळ यादी वर, तिचे तुकडे खाली.

७, २, ९, ४, ३, ८, ६, १ ही यादी घेऊ. पहिल्या विभागणीत चार-चार आकड्यांचे दोन तुकडे होतात, दुसरीत दोन-दोनचे चार आणि तिसरीत एकेकट्या आकड्यांचे आठ. एकटा आकडा मुळातच क्रमात असतो, म्हणून विभागणी तिथे थांबते. इथवर एकाही आकड्याची दुसऱ्याशी तुलना झालेली नाही. खरे काम परत वर येताना होते.

वर येताना आधी जोड्या जुळतात: २ ७, ४ ९, ३ ८ आणि १ ६. पुढे २ ७ आणि ४ ९ जोडताना दोन्ही तुकड्यांच्या फक्त पहिल्या आकड्यांची तुलना होते. लहान असलेला २ उचलला जातो. मग ७ आणि ४ यांत ४, ७ आणि ९ यांत ७. एक तुकडा संपला, म्हणून उरलेला ९ तुलनेशिवाय मागे लागतो. दुसऱ्या बाजूला याच रीतीने १ ३ ६ ८ तयार होते आणि शेवटच्या जोडणीत पूर्ण यादी लागते. तुलना अनुक्रमे ४, ६ आणि ७ होतात, एकूण १७.

पातळ्या मोजताना गफलत होते ती इथेच. झाडात आकड्यांच्या ओळी चार दिसतात, पण विभागण्या तीनच, आणि जोडण्याही तीनच पातळ्यांवर. काम ओळींत नसून दोन ओळींच्या मधल्या पायरीत आहे, म्हणून मोजायच्या त्या पायऱ्या. यादी निम्मी करत एकावर यायला जितक्या वेळा निम्मी करावी लागते, तितक्या पायऱ्या. गणितात log₂ n. सहा आकडे असतील तर तीन-तीन, मग दोन आणि एक असे असमान तुकडे पडतात. तेव्हा नेहमी मोठ्या तुकड्यामागे जावे: ६, ३, २, १, म्हणजे तीन पायऱ्या. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक घ्यायचा.

प्रत्येक पायरीवर तुकडे कितीही असले तरी हलवायचे आकडे मिळून n पेक्षा जास्त नसतात. म्हणून एकूण काम n × log₂ n च्या प्रमाणात वाढते. हजार आकड्यांना १० पायऱ्या लागतात, दहा लाखांना २०. यादी दुप्पट झाली की पायरी एकच वाढते.

हे चित्र कामाचा हिशेब दाखवते, वेळेचा क्रम नव्हे. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये डावा अर्धा भाग पूर्ण लागून २ ४ ७ ९ तयार होतो, तोवर उजव्या भागातील ३ ला हातही लागलेला नसतो.