नाताळच्या झाडाचा घेर आणि सोफ्याचे अभ्रे

वसईत असो की गोव्यात, नाताळचं कृत्रिम झाड एकदा उघडून उभं केलं की त्याचे लोखंडी पाय दिसत राहतात. ते झाकायला बुंध्याभोवती गोल कापड पसरतात. बाजारात त्याला ट्री स्कर्ट म्हणतात, आपण घेर म्हणू. त्याच कापडाच्या मेळाचे अभ्रे सोफ्यावरच्या उशांना चढवले की दिवाणखान्याला नव्या पडद्यांची किंवा रंगाची गरज राहत नाही. चार-पाच फुटी झाडाचा एक घेर आणि १६ इंची उशांचे चार अभ्रे साडेतीन मीटर सुती कापडात होतात. मीटरला १२० रुपये धरले तर ४२० रुपये आणि वर दोऱ्याचं रीळ.

कापड ४४ इंच पन्ह्याचं घ्यावं. घेरासाठी सव्वा मीटर साधं लाल आणि अभ्र्यांसाठी सव्वादोन मीटर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं. कापायच्या आधी दोन्ही धुऊन, वाळवून इस्त्री करावीत, कारण सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं. लाल रंग जातो का, तेही तेव्हाच कळतं. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड फिक्या सोफ्यावर नको.

अभ्रे आधी कापावेत, कारण त्यांच्यातून उरलेली पट्टी घेराला लागणार आहे. एका अभ्र्याला १७ इंच रुंद, ४० इंच लांब असा एकच तुकडा पुरतो. पन्ह्यात असे दोन शेजारी बसतात आणि कडेला नऊ-दहा इंचांची लांब पट्टी राहते. तुकड्याच्या दोन्ही आखूड कडा अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवल्या की ३८ इंच उरतात. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही टोकांकडून ११ इंचांवर घडी घालावी. मध्ये १६ इंच राहतात आणि पाठीवर दोन्ही टोकं सहा इंच एकमेकांवर चढतात. आता दोन्ही उघड्या बाजू अर्ध्या इंचावर शिवून अभ्रा उलटवायचा. चेन नाही, बटणं नाहीत. टोकं तीनच इंच चढवली तर गुबगुबीत उशीवर अभ्र्याचं तोंड वासतं, म्हणून तिथे कापड वाचवू नये.

घेर कापणं सोपं आहे. कापडाची चौपदरी घडी घालायची, घड्यांच्या कोपऱ्यावर टेप धरायची, २ इंचांवर आणि २० इंचांवर खडूने ठिपके देत कमानी जोडायच्या. टाचण्या लावून चारही पदर एकदम कापायचे. मग कापडाच्या काठाला समांतर असलेल्या एका घडीवर बाहेरून मधल्या भोकापर्यंत चीर द्यायची, म्हणजे झाड न उचलता घेर घालता येतो. त्या दिशेला उभा धागा असतो, तो ताणत नाही. तिरकी चीर दिली तर तिच्या कडा लोंबतात.

खरी अडचण गोल कडेची. सरळ कापडासारखी ती एक इंच आत दुमडली तर बाहेरचं वर्तुळ आतल्यापेक्षा सहा इंचांहून थोडं मोठं भरतं आणि तेवढं जादा कापड चुण्या होऊन उठतं. पाव इंच दुमडलं तरी दीड इंच जास्तच असतं. त्यामुळे माझ्या मते नवशिक्याने इथे कड दुमडूच नये, उरेब पट्टी लावावी. कापड धाग्यांना ४५ अंशांत तिरकं कापलं की ते ताणतं आणि वळतं, म्हणून वळणावर सपाट बसतं. अभ्र्यांतून उरलेल्या पट्टीतून दीड इंच रुंदीचे तिरपे तुकडे कापून जोडावेत. प्रत्येक तुकडा साधारण फूटभर येतो. बाहेरचं वर्तुळ सव्वाशे इंचांचं, चिरेच्या दोन कडा आणि भोक मिळून आणखी पन्नासेक, म्हणजे पंधरा-सोळा तुकडे हवेत. त्यातल्या चौकड्या तिरप्या होऊन शंकरपाळ्यांसारख्या दिसतात. घेराचा आणि अभ्र्यांचा मेळ इथेच बसतो.

चिरेचे कोपरे आधी वाटी ठेवून गोल करून घ्यावेत, म्हणजे पट्टी न थांबता फिरते. शिवताना बाहेरच्या कडेवर पट्टी अजिबात ओढायची नाही, सैल सोडायची. मधल्या भोकाशी मात्र किंचित ताणून धरायची. बाहेर ताणलीत तर घेर जमिनीवर पालथ्या ताटलीसारखा वर उचलतो. पहिले दहा-बारा इंच शिवल्यावर कापड टेबलावर पसरून पाहावं. तेव्हा उसवणं पाच मिनिटांचं काम असतं. शेवटी उरलेल्या पट्टीच्या नाड्या चिरेला तीन ठिकाणी लावाव्यात. त्या मागच्या बाजूला येतात, गोठ्याच्या मूर्ती पुढे मांडल्यावर दिसतही नाहीत.